हौद, नळ आणि कार्बन : एका प्रतिमेवर उभी असलेली विज्ञानसंहिता

एखादी वैज्ञानिक कल्पना तीन-चार मिनिटांच्या चित्रफितीतून समजावून देण्यासाठी जी संहिता लिहिली जाते, तिच्यात माहिती किती भरली यापेक्षा कोणते एक नाते प्रेक्षकाच्या हाती द्यायचे हे आधी ठरवावे लागते. असे नाते दाखवण्यासाठी संपूर्ण चित्रफितीत एकच दृश्य प्रतिमा वापरण्याची पद्धत रूढ आहे, आणि ती वरवर सोपी वाटत असली तरी लेखकाचे बरेचसे श्रम त्या प्रतिमेतून काय सांगायचे नाही हे ठरवण्यात खर्ची पडतात. ही प्रक्रिया कशी घडते हे पाहण्यासाठी येथे एकच उदाहरण तपशिलाने घेतले आहे : जगातील कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन एखाद्या वर्षी घटले तरी हवेतील त्याचे प्रमाण का वाढतच राहते, हे सांगणाऱ्या तीन मिनिटांच्या चित्रफितीची संहिता.

या विषयाला आधार देणारी वस्तुस्थिती २०२० सालची आहे. त्या वर्षी टाळेबंदीमुळे दगडी कोळसा, तेल आणि वायू जाळण्यातून होणारे जागतिक उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी घटले. तरीही हवाई बेटावरील मौना लोआ येथे, जिथे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हे मोजमाप सुरू केले होते, हवेतील प्रमाण नेहमीप्रमाणे चढेच नोंदले गेले आणि वर्षाची वाढ दर दशलक्ष भागांमागे दोन भागांहून अधिक राहिली. हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये या वायूचे रेणू किती, असे हे मोजण्याचे एकक आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते, आज ते ४२० च्या वर आहे.

संहितेचे पहिले काम म्हणजे प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेली समजूत ओळखणे, कारण प्रतिमा रिकाम्या जागेत नव्हे तर त्या समजुतीच्या विरोधात उभी करायची असते. या बाबतीतली समजूत चांगली अभ्यासली गेली आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉन स्टर्मन आणि त्यांच्या सहकारी लिंडा बूथ स्वीनी यांनी तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हवेतील प्रमाण हळूहळू वाढून पुढे स्थिर होते असा आलेख दाखवला आणि तसे घडण्यासाठी उत्सर्जन कसे बदलावे लागेल ते काढायला सांगितले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुसंख्य विद्यार्थ्यांनी उत्सर्जनाची रेषाही तशीच चढत जाऊन स्थिर होणारी काढली. म्हणजे साठा आणि त्यात पडणारी भर या दोन राशी त्यांनी एकच मानल्या, आणि भर स्थिर राहिली की साठाही स्थिर होतो असे गृहीत धरले. गणिताचे शिक्षण झालेल्यांचीही ही चूक होत असेल, तर आणखी आकडे देऊन ती दूर होणार नाही, हे लेखकाने समजून घ्यायचे असते.

म्हणून साठा आणि प्रवाह वेगवेगळे दिसतील अशी वस्तू निवडावी लागते. स्टर्मन यांनी त्यासाठी अमेरिकी घरातील आंघोळीचा टब वापरला आहे. मराठी प्रेक्षकासाठी शालेय अंकगणितातला हौद अधिक जवळचा ठरतो, कारण एक नळ हौद भरतो आणि दुसरा रिकामा करतो, तर दोन्ही सुरू ठेवल्यास काय होईल, हे गणित बहुतेकांनी सोडवलेले असते. जोड्या कागदावर आधीच लिहून ठेवल्या जातात : वरचा नळ म्हणजे माणसाचे उत्सर्जन, बुडाची तोटी म्हणजे जंगले, माती आणि समुद्र यांनी मिळून शोषून घेतलेला वायू, आणि पाण्याची पातळी म्हणजे हवेतील प्रमाण. ज्या घटकाला अशी जोडी नाही, तो चित्रात येऊ द्यायचा नाही, हा या यादीचा खरा उपयोग असतो.

यानंतर संहिता दोन स्तंभांत लिहिली जाते. डाव्या बाजूला पडद्यावर काय दिसते आणि उजव्या बाजूला निवेदक काय म्हणतो. तीन मिनिटांसाठी मराठी निवेदनाचे तीनशे ते साडेतीनशे शब्द पुरेसे होतात, आणि पाणी चढताना निवेदकाने काही क्षण थांबावे यासाठी त्यातूनही काही शब्द काढावे लागतात. दृश्य आणि निवेदन यांनी तीच गोष्ट दोनदा सांगू नये, हा येथला मुख्य नियम आहे. पातळी वाढते आहे हे डोळ्यांना दिसत असताना ‘पातळी वाढते आहे’ असे म्हणण्याऐवजी निवेदनाने त्या वाढीचे कारण सांगावे. नळ थोडा आवळला जातो त्या जागेचा मजकूर साधारण असा होतो :

दृश्य : एक हात नळ किंचित आवळतो. धार बारीक होते, पण तोटीतून जाणाऱ्या धारेपेक्षा अजून जाडच आहे. पातळी चढत राहते.

निवेदन : येणारे पाणी कमी झाले. पण ते जाणाऱ्या पाण्याइतके कमी झाले का?

या ठिकाणी आकडे येऊ शकतात, कारण त्यांना बसायला आता जागा तयार असते. जीवाश्म इंधने आणि जंगलतोड मिळून माणूस वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे सोयीसाठी २१ अब्ज टन, निसर्ग शोषतो असे धरले, तर १९ अब्ज टन हवेत उरतात. हवेतील प्रमाण एका भागाने वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन लागतात. तेव्हा वर्षाची वाढ २.४ भागांच्या आसपास येते. आता उत्सर्जन पाच टक्क्यांनी घटवून ३८ अब्ज टन केले तर उरतात १७ अब्ज टन, आणि वाढ २.२ भागांची होते. हा फरक जेमतेम पाव भागाचा असतो, तर पाऊसपाणी आणि वनस्पतींची वाढ यांतल्या चढउतारांमुळे वार्षिक वाढ एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी त्याहून बरीच जास्त बदलते; म्हणून २०२० ची घट मोजमापाच्या रेषेत वेगळी उठून दिसली नाही. संहितेत यातले ४०, २१ आणि १९ एवढेच आकडे ठेवले जातात आणि उरलेले हिशेब लेखकाच्या टिपणात राहतात.

चित्रकाराच्या हाती गेल्यावर प्रतिमा आपले स्वतःचे अर्थ घेऊन येते आणि तिथे संहितेला पुन्हा हात घालावा लागतो. पाणीटंचाई पाहिलेल्या प्रेक्षकाला निळ्याशार पाण्याने भरत चाललेला हौद दिलासा देतो आणि तोटीतून जाणारी धार नासाडी वाटते, म्हणजे भावना नेमकी उलट्या दिशेने जाते. त्यामुळे द्रव राखाडी दाखवणे, हौदाच्या भिंतीवर २८० ची जुनी रेघ आखून पाणी तिच्या किती वर गेले ते दाखवणे, आणि तोटी काय करते हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच सांगणे, अशा सूचना दृश्याच्या स्तंभात शब्दाने लिहाव्या लागतात. द्रवाला लाल रंग दिल्यास प्रेक्षक पातळीलाच तापमान समजतो. हौदाला तापमापी चिकटवली तर तीच चूक पक्की होते. वायू उष्णता कशी अडवतो हे सांगण्यासाठी हौदावर काचेचे झाकण घालण्याचा मोहही याच टप्प्यावर होतो. पण तसे केल्यास एका चित्रात दोन प्रतिमा शिरतात आणि झाकणाने पाण्याचे काय होते हा निरर्थक प्रश्न प्रेक्षकापुढे उभा राहतो. उष्णतेचा विषय वेगळ्या चित्रफितीसाठी सोडणे हाच त्यावरचा उपाय आहे.

प्रतिमा कुठे तुटते हे ठरवणे सर्वांत अवघड असते, आणि येथे तुटण्याच्या दोन जागा आहेत. पहिली जागा निरुपद्रवी आहे : वनस्पती आणि समुद्र हवेशी दरवर्षी माणसाच्या उत्सर्जनाच्या कितीतरी पट वायूची देवाणघेवाण करतात, पण ती जवळपास समतोल असल्याने चित्रात फक्त तिचा निव्वळ उरलेला भाग तोटी म्हणून दाखवला तरी निष्कर्ष बदलत नाही. दुसरी जागा मात्र निष्कर्षाला भिडते. हौदात तोटीची धार पाण्याच्या उंचीवर ठरते, म्हणून पातळी एका जागी धरली की धारही कायम राहते, आणि नळ बंद केला की हौद शेवटी पूर्ण रिकामा होतो. समुद्र वायू शोषतो तो मात्र हवेतला त्याचा दाब पृष्ठभागाच्या पाण्यातल्या दाबापेक्षा जास्त असतो म्हणून; हवेतील प्रमाण स्थिर धरले तर समुद्र हळूहळू त्याची बरोबरी गाठतो आणि शोषण मंदावत जाते. खोल पाण्यात मिसळण्याला शतके लागतात, उरलेला वायू खडकांच्या झिजेतून निघून जायला हजारो वर्षे लागतात, आणि म्हणून सोडलेल्या वायूचा काही हिस्सा हजार वर्षांनंतरही हवेतच असतो.

यावर तोटीखाली दुसरा हौद काढून तो भरत चाललेला दाखवण्याची सूचना हमखास पुढे येते, आणि ती शास्त्रदृष्ट्या चुकीचीही नसते. परंतु तीन मिनिटांच्या शेवटी दुसरी यंत्रणा उभी केल्यास पहिली नीट रुजण्याआधीच झाकली जाते. त्यापेक्षा निवेदनात सरळ सांगणे बरे ठरते : ‘खऱ्या हौदाची तोटी अशीच वाहत राहिली असती. समुद्राची तोटी हळूहळू आखडते, म्हणून नळ आज निम्मा आवळून भागणार नाही. तो पुढेही आवळत न्यावा लागेल.’ असे दोन-तीन वाक्यांचे विधान शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठेवले जाते. ते आधी आले तर प्रतिमेवरचा विश्वास जातो आणि अजिबात आले नाही तर नळ बंद केला की सगळे पूर्ववत होईल असा खोटा दिलासा प्रेक्षक घरी घेऊन जातो.

संहिता साधली की नाही हे तपासताना प्रेक्षकाला ‘समजले का’ असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण आवडलेल्या चित्रफितीला उत्तर नेहमी होकारार्थीच येते. चित्रफितीत न सांगितलेली परिस्थिती पुढे ठेवावी लागते : पुढची दहा वर्षे उत्सर्जन आजच्याइतकेच राहिले, वाढले नाही आणि घटलेही नाही, तर हवेतील प्रमाणाची रेषा काढा. जो प्रेक्षक आडवी रेषा काढतो त्याला हौद लक्षात राहिला आहे, पण हौद वापरता आलेला नाही. अशी उत्तरे जास्त आली तर बहुधा नळ आवळण्याचे दृश्य घाईने उरकलेले असते, आणि दोन्ही धारा शेजारी शेजारी दिसतील इतका वेळ त्याला पुन्हा द्यावा लागतो. जो चढती रेषा काढतो त्याला पुढचा प्रश्न विचारायचा, की ती आडवी व्हायला नळ किती आवळावा लागेल. त्यावर ‘आत्ता जवळजवळ निम्मा, आणि पुढे त्याहूनही जास्त’ असे उत्तर आले, तर प्रतिमा आणि तिच्या तुटण्याची जागा या दोन्ही गोष्टी त्याच्यापर्यंत पोहोचल्या, असे मानायला हरकत नाही.