६४ बाइट रॅममध्ये सेन्सरचा गोंगाट गाळताना

ATtiny13 मध्ये रॅम फक्त ६४ बाइट, आणि त्यातच स्टॅकही. १६ रीडिंगची सरासरी काढायला ती साठवली, तर ३२ बाइट तिथेच गेले. पण एवढं साठवायची गरजच नाही!

आधी मीडियन. मागची दोन आणि आत्ताचं अशा तीन रीडिंगमधलं मधलं घ्यायचं. ५१२, १०२३, ५१४ आले तर मीडियन ५१४. सरासरी मात्र ६८३. म्हणजे मोटर सुरू होताना आलेला एकटा खोटा झटका पूर्ण गायब होतो. सलग दोन झटके आले तर मात्र तीनचा मीडियन फसतो, तिथे पाच रीडिंग लागतात.

उरलेली बारीक थरथर सरकत्या सरासरीने जाते. `m` म्हणजे मीडियन:

```c
acc += m - (acc >> 4);
y = acc >> 4;
```

`acc` हा `uint16_t`. १० बिट एडीसीचं कमाल १०२३ गुणिले १६ म्हणजे १६३६८, आरामात मावतं. दोन्ही फिल्टरची कायमची साठवण फक्त ६ बाइट.

बरेच जण `y += (x - y) / 16` लिहितात, `x` म्हणजे नवं रीडिंग. `y` ५०० आणि `x` ५१५ असेल तर पूर्णांकात १५/१६ शून्य होतं, `y` तिथेच अडकतो. स्थिर इनपुटवरही उत्तर कायम थोडं कमी किंवा जास्त दिसलं, तर हेच तपासा. `acc` मध्ये तो उरलेला अंश जपला जातो, हीच मला यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

सुरुवातीला `acc = x << 4` करा, नाहीतर आकडा शून्यापासून हळूहळू चढत बसतो.