विश्लेषण : कळांदरम्यान बाळाचे ठोके घसरले, तर धोका कधी असतो?

लेबर रूममध्ये कळा सुरू असलेल्या स्त्रीच्या पोटावर दोन पट्टे बांधलेले असतात आणि शेजारच्या यंत्रावर एक आकडा सतत बदलत असतो. १४२, १३८ आणि मग एकदम ९५. सोबत आलेल्या आईचा, सासूचा जीव टांगणीला लागतो. सिस्टर मात्र कधी अशा वेळी आईला फक्त कुशीवर वळवते आणि शांतपणे बघत उभी राहते. तीच सिस्टर आकडा जेमतेम १२५ वर आलेला असताना लगबगीने येऊन सलाईनमधले औषध बंद करते. ठोके किती खाली गेले, यापेक्षा ते कळेच्या कोणत्या टप्प्यावर आणि कसे खाली गेले, हे ती पाहत असते.

यंत्र नेमके काय दाखवते?

या यंत्राला सीटीजी म्हणतात. पोटावरचा एक पट्टा बाळाच्या हृदयाचे ठोके टिपतो, दुसरा गर्भाशय कधी आवळले आणि कधी सैल पडले ते टिपतो. कागदावर वर ठोक्यांची रेषा आणि खाली कळांचे डोंगर उमटतात. कळा नसताना ठोके मिनिटाला ११० ते १६० असणे सामान्य मानले जाते. ही रेषा सरळसोट नसावी, बारीक दातेरी असावी. क्षणाक्षणाला ६ ते २५ ठोक्यांचा चढउतार दिसत असेल, तर बाळाच्या मेंदूला त्या घडीला पुरेसा प्राणवायू मिळतो आहे, असे समजतात.

घसरण तीन प्रकारची कशी?

पहिल्या प्रकारात ठोके कळेबरोबर हळूहळू उतरतात, कळ ऐन भरात असताना सर्वांत खाली असतात आणि कळ ओसरताच पूर्ववत होतात. जणू कळेच्या डोंगराचे पाण्यातले प्रतिबिंब. बाळाचे डोके दाबले जाते, त्यामुळे एक मज्जातंतू चेतवला जातो आणि हृदय थोडे मंदावते. ही ‘अर्ली’ घसरण. यात काही करायचे नसते, नोंद करून लक्ष ठेवायचे असते.

दुसरा प्रकार ‘व्हेरिएबल’. हा सर्वाधिक आढळतो आणि दिसायला सर्वांत भीतीदायक असतो. ठोके अर्ध्या मिनिटाच्या आत कोसळतात, कधी ८० पर्यंतही, आणि तितक्याच झटकन वर येतात. इथे नाळ दाबली जात असते. कळेशी त्याचा ठराविक मेळ नसतो. म्हणून पहिला उपाय कूस बदलण्याचा : डावी, मग उजवी, गरज पडल्यास गुडघे आणि हातांवर ओणवे. नाळेवरचा दाब सुटला की रेषा सुधारते. मात्र पाणमोट नुकतीच फुटली असेल आणि ठोके कोसळून वर येतच नसतील, तर आतून तपासणी करायलाच हवी. नाळ बाळाच्या डोक्याआधी खाली सरकली असेल, तर तपासणारी व्यक्ती हाताने डोके वर उचलून धरते आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत हात काढत नाही.

तिसरी ‘लेट’ घसरण काळजीची का?

कळ आली की गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि वारेकडे जाणारा आईचा रक्तपुरवठा काही सेकंद कमी होतो. हे प्रत्येक कळेत घडते आणि निरोगी बाळ साठ्यातल्या प्राणवायूवर ते निभावून नेते. साठा तोकडा असेल, तर कळ भरात आल्यानंतर प्राणवायूची पातळी घसरते, शरीराला त्याची जाणीव व्हायला आणखी काही सेकंद जातात आणि मग हृदय मंदावते. त्यामुळे ठोक्यांचा तळ कळेच्या शिखरानंतर येतो. कळ संपते, तरी ठोके अजून खालीच असतात.

गफलत होते ती इथे. ही घसरण अनेकदा उथळ असते, १०-१५ ठोक्यांची. नजर नुसत्या आकड्यावर असेल, तर ती सहज निसटते. त्यात रेषेचे दातेरीपण हरवून ती सपाट झाली असेल आणि प्रत्येक कळेमागे अशी उथळ खळी दिसत असेल, तर ९५ पर्यंत जाऊन उसळी मारणाऱ्या रेषेपेक्षा हे चित्र जास्त गंभीर असते.

प्रत्यक्षात काय केले जाते?

एक नमुना घेऊ. पहिलटकरीण आहे, तारीख उलटून गेल्यामुळे कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिनची ड्रिप सुरू आहे. ठोके १४० च्या आसपास, रेषा दातेरी. मग सलग चार कळांनंतर ठोके १२५ वर येतात आणि कळ संपल्यावर अर्ध्या मिनिटाने सावरतात. सिस्टर आधी पोटावर तळहात ठेवून कळ स्वतः मोजते, कारण पट्टा सरकलेला असेल तर कळेची वेळच चुकीची उमटते. आईची नाडीही बघते. कधी कधी यंत्र बाळाऐवजी आईचेच ठोके पकडते. कळा १० मिनिटांत ६ भरतात. पाचपेक्षा जास्त म्हणजे दोन कळांमध्ये वारेला पुन्हा रक्ताने भरायला वेळच मिळत नाही.

आता ती ड्रिप थांबवते. उताणी झोपलेल्या आईला डाव्या कुशीवर घेते, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांवरचा गर्भाशयाचा भार हलतो. रक्तदाब तपासते; तो कमी असेल तर साधे सलाईन वेगाने सोडले जाते. रक्तदाबाचा विकार असलेल्या बाईला मात्र ते जपून, कारण फुप्फुसात पाणी साचू शकते. त्याच वेळी डॉक्टरांना निरोप जातो. निरोप नेमका असावा लागतो : ‘ठोके कमी झालेत’ एवढ्याने भागत नाही, घसरण लेट आहे, किती कळांमागे आहे, दातेरीपण टिकून आहे की नाही आणि ड्रिप कधी थांबवली, हे सांगावे लागते.

ऑक्सिटोसिनचा असर काही मिनिटांत उतरू लागतो. कळा चारवर आल्या, खळ्या मावळल्या, तर प्रसूती पुढे चालू राहते. ड्रिप पुन्हा कमी वेगाने लावायची का, हे डॉक्टर ठरवतात. खळ्या तशाच राहून रेषा सपाट होऊ लागली, तर वाट न पाहता प्रसूती उरकावी लागते, बहुधा सिझेरियनने.

या यादीत पूर्वी आईच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क हमखास असे. आईच्या रक्तातला प्राणवायू व्यवस्थित असेल, तर मास्कने बाळाला फायदा झाल्याचे दिसत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘एकॉग’ या संघटनेनेही २०२२ मध्ये तो सरसकट लावू नये, असे सांगितले. सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

सीटीजी नसेल तर?

सीटीजी सर्वांनाच लावणे फायद्याचे ठरलेले नाही. सतत नोंद ठेवल्याने नवजातांमधले झटके कमी झाले, पण सेरेब्रल पाल्सी कमी झाली नाही आणि सिझेरियन वाढली, असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसले आहे. कमी जोखमीच्या प्रसूतीत हातातल्या डॉप्लरने ठोके ऐकणे पुरेसे मानतात : कळा जोर धरल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या प्रसूती नोंदपत्रात घसरणीसाठी वेगळी ओळ आहे आणि तिथे ‘लेट’ची नोंद होणे हाच धोक्याचा इशारा आहे. तो टिपायचा तर डॉप्लर कळ सुरू असताना लावून कळ संपल्यानंतरही किमान अर्धा मिनिट ऐकत राहावे लागते. दोन कळांच्या मधल्या शांत वेळेतच ऐकले, तर वर सांगितलेल्या पहिलटकरणीच्या कागदावरही दर वेळी १४० च लिहिले गेले असते.