चोवीस, तीन आणि तीन

ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला एक असाइनमेंट हमखास असते: सी भाषेत राउंड रॉबिन शेड्युलिंग लिहा आणि कामांना किती वाट पाहावी लागली त्याची तुलना करा. प्रोग्राम पाऊण पानाचा असतो. पण त्यातून बाहेर पडणारे आकडे नीट पाहिले, तर थक्क व्हायला होतं.

एकाच क्षणी तीन कामं सीपीयूच्या दारात उभी आहेत असं धरा. पहिल्याला 24 मिलिसेकंद हवेत, दुसऱ्याला 3 आणि तिसऱ्याला 3. आले त्या क्रमाने एकेक काम पुरतं उरकलं, तर पहिलं 0, दुसरं 24 आणि तिसरं 27 मिलिसेकंद थांबतं. सरासरी 17. दोन चिमुकली कामं एका अजस्र कामामागे अडकून पडतात.

राउंड रॉबिन म्हणजे पंगतीतला वाढपी. तो एकाच पानावर सगळं ताट रिकामं करत नाही. थोडं वाढतो, पुढे सरकतो, पंगत संपली की पुन्हा पहिल्या पानाशी येतो. एका फेरीत प्रत्येकाला जास्तीत जास्त जेवढा वेळ मिळतो, त्याला क्वांटम म्हणतात. प्रोग्रामचा गाभा एवढाच:

```c
while (left > 0)
  for (i = 0; i < n; i++) {
    if (rem[i] == 0) continue;
    t = rem[i] < q ? rem[i] : q;
    now += t;
    rem[i] -= t;
    if (rem[i] == 0) {
      wait[i] = now - burst[i];
      left--;
    }
  }
```

यातली `wait` ची ओळ मला फार आवडते. कोण कुठे किती थांबलं, हे आपण मोजतच नाही. काम संपल्याच्या घड्याळातून त्याचा स्वतःचा वेळ वजा केला, की उरतो तो सगळा ताटकळण्याचा वेळ. सगळी कामं शून्यालाच आली आहेत म्हणून एवढ्यावर भागतं. नाहीतर येण्याची वेळही वजा करावी लागते, आणि साध्या `for` ऐवजी खरी रांग ठेवावी लागते.

`rem` वेगळं का ठेवायचं? कारण `burst` मधूनच वजाबाकी केली, तर शेवटी तिथे शून्य उरतं आणि वाट पाहण्याच्या जागी काम संपल्याची वेळ छापली जाते. क्वांटम 4 असताना तुमचं उत्तर 30, 7, 10 आलं, तर हीच चूक झाली आहे. बरोबर उत्तर 6, 4, 7. सरासरी 17 वरून 5.67 वर!

आता खरी गंमत क्वांटम बदलण्यात आहे. तो जितका लहान तितकी वाट कमी, असं मनाला वाटतं. प्रोग्राम चालवा: क्वांटम 1 ला सरासरी 5.67, 2 ला 6.33, 3 ला 5, 4 ला पुन्हा 5.67. सरळ उतार नाही, हेलकावे आहेत. 2 ला आकडा का वाढला? तीनचं काम दोन मिलिसेकंद मिळाल्यावर एकासाठी अडतं. त्या एका मिलिसेकंदासाठी ते पुन्हा मागे जातं, आणि मोठं काम मध्ये आणखी दोन घेऊन जातं. क्वांटम 3 असला की दोन्ही छोटी कामं पहिल्याच फेरीत पूर्ण होतात. म्हणजे क्वांटम कामांच्या मापाला बसतो की नाही, यावर सगळं फिरतं. 24 किंवा त्याहून मोठा दिला, तर मात्र 0, 24, 27 हेच आकडे परत आले पाहिजेत. प्रोग्राम खरा आहे का, याची ही सोपी कसोटी.

आणि आता असं उदाहरण, जे असाइनमेंटमध्ये सहसा नसतं. तिन्ही कामं 10 ची करा, क्वांटम 1 ठेवा. ती 28, 29 आणि 30 ला संपतात. वाट 18, 19, 20, सरासरी 19. क्रमाने उरकली असती तर 0, 10, 20, म्हणजे सरासरी फक्त 10. सगळ्यांना सारखं वाढल्यामुळे सगळेच शेवटी उठले. शिवाय आपल्या प्रोग्राममध्ये एका कामावरून दुसऱ्यावर जाणं फुकट आहे. खऱ्या यंत्रात प्रत्येक अदलाबदलीला वेळ लागतो, त्यामुळे क्वांटम फार बारीक केला की नुकसान वाढतं.

मग ही पद्धत हवी कशाला? 1961 साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली, तिच्यात एकाच यंत्राचा वेळ कापून अनेक टर्मिनलांसमोर बसलेल्या माणसांना वाटला जात होता. टर्मिनलसमोरच्या माणसाला सगळं काम कधी संपेल यापेक्षा यंत्र कधी उत्तर देऊ लागेल, हे महत्त्वाचं असतं. त्या तीन दहांच्या उदाहरणात पहिली पाळी राउंड रॉबिनमध्ये 0, 1 आणि 2 ला येते; क्रमाने उरकताना 0, 10 आणि 20 ला.

म्हणून असाइनमेंट लिहाल तेव्हा तक्त्यात आणखी एक रकाना जोडा: प्रत्येक कामाची पहिली पाळी कधी आली. नुसत्या सरासरी वाटेवरून राउंड रॉबिनला नापास करू नका.