लोकलमधला ओळंबा

गवंड्याचा ओळंबा भिंतीशी धरला की भिंत सरळ आहे की कललेली, ते लगेच कळतं. दोरीला लटकवलेलं वजन पृथ्वीच्या ओढीच्या दिशेनं थांबतं आणि खरी उभी रेषा दाखवतं. तोच ओळंबा लोकलच्या डब्यात सामानाच्या रॅकला बांधला तर? गाडी फलाटावर उभी असेपर्यंत तो आपलं नेहमीचं काम करतो. गाडी सुटली की मात्र तो मागे सरकतो आणि वेग वाढत राहील तोवर तिरकाच राहतो. हा तिरकेपणा मोजला, तर गाडी कशी वेग घेते आहे ते खिडकीबाहेर न बघताही सांगता येतं.

ओळंबा तिरका का होतो? फलाटावर उभं राहून डब्यात डोकावणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघितलं तर कोडं लवकर सुटतं. डब्याचा वेग वाढतो आहे, तेव्हा वजनाचा वेगही तितकाच वाढायला हवा, नाहीतर ते मागेच राहील. वेग वाढायला पुढच्या दिशेनं ओढ लागते. आणि वजनाला धरून आहे ती फक्त दोरी. दोरी अगदी उभी असेल तर ती फक्त वर ओढू शकते, पुढे नाही. म्हणून वजन आधी थोडं मागे पडतं आणि दोरी तिरकी होते. आता तिच्या ताणाचे दोन भाग होतात: एक भाग वजन पेलतो, दुसरा त्याला पुढे खेचतो. पुढे खेचणारा भाग पुरेसा झाला की वजन तिथेच स्थिरावतं.

हेच सूत्रात मांडायचं तर दोन ओळी पुरतात. दोरीचा ताण T, वजनाचं वस्तुमान m, गाडीचं त्वरण a, गुरुत्व त्वरण g आणि उभ्या रेषेशी दोरीचा कोन θ धरला, तर

T cosθ = mg
T sinθ = ma

दुसऱ्या ओळीला पहिलीनं भागलं की ताणही जातो आणि वस्तुमानही. उरतं ते tanθ = a/g. म्हणजे दोरीला किल्ली बांधा नाहीतर किलोभराचं माप, कोन तोच येणार.

डब्यात बसलेला प्रवासी हाच हिशोब वेगळ्या भाषेत करतो. त्याच्या दृष्टीनं ओळंबा तर स्थिर आहे, मग त्याला मागे कोण ओढतंय? तो एक मागची ओढ कल्पतो. तिला छद्म बल म्हणतात. ही ओढ आणि गुरुत्वाची ओढ मिळून तिरकी झाली आणि दोरीनं ती दिशा धरली, असं तो म्हणेल. उत्तर दोघांचं एकच निघतं.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, लोकल फलाट सोडल्यापासून ३० सेकंदांत ताशी ५४ किलोमीटर वेग घेते. ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तेव्हा वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरनं वाढला. ०.५ ला ९.८ नं भागलं की ०.०५१ येतं आणि कोन निघतो सुमारे २.९ अंश. इतका बारीक कोन कोनमापकानं चालत्या गाडीत मोजणं कठीण. त्यापेक्षा दोरी ६० सेंटिमीटर लांब घ्यावी आणि वजनाच्या मागे पट्टी धरावी. गाडी उभी असताना वजन जिथे असतं तिथे शून्याची खूण करायची. गाडी सुटल्यावर वजन त्या खुणेपासून सुमारे ३ सेंटिमीटर मागे दिसेल. ३ भागिले ६०, म्हणजे विसावा हिस्सा; गाडीचं त्वरणही गुरुत्व त्वरणाच्या विसाव्या हिश्शाएवढं.

इथे पहिली चूक होते ती घाईमुळे. गाडी झटक्यात सुटली तर वजन ३ सेंटिमीटरवर जाऊन थांबत नाही. झोक्यासारखं ते पुढे निघून जातं, जवळजवळ ६ सेंटिमीटरपर्यंत, आणि परत येतं. ६० सेंटिमीटरच्या दोरीला असा एक पूर्ण झोका घ्यायला सुमारे दीड सेकंद लागतो. पहिल्या झोक्याचं टोक वाचणाऱ्याला गाडीचं त्वरण दुप्पट दिसेल. त्यासाठी दोन्ही टोकं बघून मधली जागा धरायची, किंवा झोके शांत होईपर्यंत थांबायचं.

वेग ठरावीक झाला की ओळंबा पुन्हा सरळ होतो, मग गाडी ताशी ४० नं धावो की १०० नं. वेग किती, हे त्याला कळत नाही. वेग बदलतो आहे की नाही, एवढंच कळतं. ब्रेक लागला की तो पुढे कलतो.

दुसरी चूक अधिक छुपी आहे आणि ती दिसते कर्जतच्या पुढे. पुण्याच्या गाड्या कर्जतला मागे जादा इंजिनं जोडून भोर घाट चढतात. घाटातला सर्वात तीव्र चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर अंतरात १ मीटर उंची. अशा चढावर गाडी सिग्नलला थांबली, तर ओळंबा खरी उभी रेषाच दाखवतो, पण डबाच दीड अंशानं कललेला असतो. पट्टी डब्याला चिकटवलेली. तिच्यावर वजन कर्जतच्या बाजूला १.६ सेंटिमीटर मागे दिसतं. डब्यातला माणूस हिशोब करून सांगेल की गाडीचा वेग दर सेकंदाला पाव मीटरहून थोडा अधिक वाढतो आहे. गाडी तर जागची हललेलीही नाही!

खिडक्या बंद असतील तर नुसत्या ओळंब्यावरून चढ आणि वाढता वेग यांत फरक करता येत नाही. गुरुत्व आणि त्वरण यांच्यातलं हे साम्य आइन्स्टाइननं १९०७ मध्ये धरलं आणि पुढे त्याच्या गुरुत्वाच्या सिद्धांताचा तो पाया झाला. रुळावरच्या मोजणीपुरता उपाय साधा आहे: त्याच उतारावर गाडी उभी असताना शून्याची खूण नव्यानं करायची.

उलट दिशेचा प्रवास आणखी चकवतो. लोणावळ्याहून उतरताना, समजा, ३७ ला १ च्या उतारावर ब्रेक अजिबात लागले नाहीत आणि घर्षणही नगण्य आहे. उतार गाडीला जितकं पुढे ओढतो, तितकंच ओळंब्यालाही ओढतो. दोरीला वेगळं काही करायला उरतच नाही, आणि ती डब्याच्या फरशीशी काटकोनात, पट्टीवरच्या शून्यावर टेकून राहते. एका मिनिटात वेग ताशी ५७ किलोमीटरपर्यंत जातो, तरी शून्यच. प्रत्यक्षात चाकांचं घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे ती किंचित पुढे कलेल, इतकंच.

अशा सुटलेल्या गाडीसाठी भोर घाटात कॅच सायडिंग ठेवलेल्या आहेत. गाडी चढाच्या वेगळ्या रुळावर वळते आणि चढता चढता वेग गमावते. घर्षण सोडून दिलं तर त्या चढावरही दोरी शून्यावरच असेल. गाडी थांबून ब्रेकनं जागच्या जागी धरली, की मग ओळंबा हलतो आणि डबा किती कललेला आहे ते पहिल्यांदा पट्टीवर दिसतं.