स्वस्त पायरी महागात पडते तेव्हा

एक जिना आहे. त्याच्या प्रत्येक पायरीवर पाय ठेवला की ठरलेली रक्कम मोजायची. ती मोजली की तिथून एक पायरी वर जा, नाहीतर मधली एक सोडून दोन वर जा. सुरुवात पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीपासून करता येते. कमीत कमी किती पैशांत वर पोहोचता येईल? प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची ओळख बरेचदा याच कोड्यातून होते.

समजा, पायऱ्यांचे दर अनुक्रमे ५, २, ३, ९, ८ रुपये आहेत. आपण साहजिकच पुढच्या दोनांतली स्वस्त पायरी धरत जातो. आधी २ रुपयांची, मग ३ ची, मग ९ आणि ८ मधली ८ ची. एकूण १३ रुपये. पण दुसरीवरून थेट चौथीवर गेलो असतो, तर २ आणि ९ मिळून ११ रुपयांतच वर पोहोचलो असतो. तीन रुपयांची पायरी स्वस्त दिसली खरी, पण तिच्यावर थांबल्यामुळे पुढे आणखी आठ रुपये मोजावे लागले.

मग सगळे मार्ग तपासायचे का? इथे ते १३च आहेत. पायऱ्या ४० केल्या, तर मार्ग २६ कोटींच्या वर जातात.

त्यापेक्षा प्रश्न उलटा विचारावा: या जागी मी कुठून आलो असेन? उत्तरं दोनच, एक पायरी खालून किंवा दोन खालून. त्या दोन्ही जागी पोहोचण्याचा किमान खर्च ठाऊक असेल, तर त्यात त्या त्या पायरीचा दर मिळवायचा आणि लहान बेरीज ठेवायची. तिथवर कोणत्या वाटेनं आलो, याच्याशी पुढच्या हिशेबाला देणंघेणं नसतं. रिचर्ड बेलमन यांनी १९५७च्या आपल्या पुस्तकात मांडलेल्या तत्त्वाचा गाभा हाच आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीवर पोहोचायला खर्च शून्य. तिसरीवर पोहोचायला २ (पहिलीवरून आलो तर ५), चौथीवर २, पाचवीवर ५. आणि माथ्यावर? पाचवीवरून आलो तर ५ अधिक ८ म्हणजे १३, चौथीवरून आलो तर २ अधिक ९ म्हणजे ११.

नवशिके घसरतात ते इथेच. माथा म्हणजे शेवटची पायरी नव्हे, तिच्या पुढची जागा. पाचवीवर थांबलात तर उत्तर ५ येतं, आणि प्रोग्रॅम काही तक्रारही करत नाही. म्हणून खालच्या कोडमधल्या `+ 1` वर नजर ठेवावी.

```
def min_cost(cost):
    a, b = 0, 0
    for i in range(2, len(cost) + 1):
        a, b = b, min(b + cost[i-1], a + cost[i-2])
    return b
```

पूर्ण ॲरेभर उत्तरं साठवायची गरज नाही, शेवटचे दोन आकडे पुरतात. मात्र या काटकसरीत वाट हरवते: ११ रुपये लागतील एवढंच कळतं, कोणत्या पायऱ्यांवरून जायचं ते नाही. तेही हवं असेल, तर सगळे आकडे जपून ठेवावे लागतात आणि माथ्यावरून उलटं उतरत यावं लागतं. ११ हा आकडा चौथीवरून आला, चौथीचा २ दुसरीवरून, आणि दुसरीवर तर आपण फुकटच उभे होतो.