जॅकेट गळत नाही, भिजतं

जुलैच्या पावसात सह्याद्रीत दोन-तीन तास चाललं की अनेकांचं महागडं रेन जॅकेट खांद्यावर गडद दिसायला लागतं. आतला शर्टही दमट होतो आणि ‘जॅकेट गळतंय’ असा निकाल लावून लोक मोकळे होतात. बहुतेक वेळा हा निकाल चुकतो.

अशा जॅकेटमध्ये पाणी अडवायचं काम आतल्या पातळ पडद्याचं असतं. बाहेरच्या नायलॉनवर वेगळं जलरोधक फिनिश दिलेलं असतं. त्याचे रेणू धाग्यावर ब्रशच्या केसांसारखे उभे राहतात. त्यामुळे पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळतं. मळ बसला, अंगाचं तेल लागलं, सॅकचे पट्टे घासले की हे केस आडवे पडतात किंवा झिजतात. मग कापड पाणी पितं. पडदा शाबूत असला तरी भिजलेल्या कापडातून घामाची वाफ बाहेर जात नाही. आतला ओलावा पुष्कळदा आपल्याच घामाचा असतो.

मळ काढायला धुणं हवंच, पण नेहमीची पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको. साबणाचा अंश धाग्यावर राहिला तर तो पाण्याला उलट बोलावतो. चेन आणि वेल्क्रो बंद करून, थोडंसं लिक्विड डिटर्जंट घेऊन ४० अंशांच्या पाण्यात जॅकेट धुवावं आणि दोनदा स्वच्छ खळबळावं.

यानंतरची पायरी आपल्याकडे सहसा गाळली जाते, कारण आपण जॅकेट दोरीवर वाळवतो. आडवे पडलेले रेणू पुन्हा उभे राहायला उष्णता लागते. ड्रायर असेल तर जॅकेट कोरडं झाल्यावर आणखी वीसेक मिनिटं कोमट फिरवावं. ड्रायर नसेल तर वर सुती कापड ठेवून, वाफ बंद करून मंद इस्त्री फिरवावी. मात्र लेबलवर इस्त्रीला मनाई असेल तर ती मानावी, आणि साध्या पीव्हीसी रेनकोटला इस्त्री अजिबात लावू नये, तो वितळतो.

आता खांद्यावर चमचाभर पाणी टाका. थेंब गोल राहून घरंगळले तर फिनिश जिवंत आहे. पाणी पसरून डाग गडद झाला तर तिथलं फिनिश झिजून गेलंय. उष्णता झिजलेलं परत आणत नाही. अशा वेळी धुतलेल्या जॅकेटवर स्प्रेचं नवं फिनिश मारावं. तो स्प्रे गरम करायचा की नाही, हे बाटलीवर वाचावं.

अलीकडच्या फ्लोरिनमुक्त फिनिशची एक अडचण आहे. ती पाणी झटकतात, पण तेल फारसं रोखत नाहीत. म्हणून ती लवकर मळतात आणि जास्त वेळा धुवावी लागतात. निसर्गासाठी ती बरी आहेत, तेव्हा एवढा त्रास सोसायला माझी हरकत नाही.

जॅकेट उलटं करून शिवणीवरची पट्टीही पाहा. ती सुटत असेल किंवा आतला थर फुगून पापुद्रे निघत असतील, तर मात्र जॅकेट खरंच गळतंय. तिथे धुणं, इस्त्री, स्प्रे यांपैकी कशाचाच उपयोग नाही.