बेरजेत हरवलेला रुपया

गावच्या वाचनालयातल्या लाकडी पेटीत कुलकर्ण्यांच्या वाड्यातून आलेले रुमाल आहेत. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. इतिहास शिकणारी एक मुलगी सुट्टीत त्यांची यादी करून द्यायला आपणहून आली. मोडीची बाराखडी तिला पाठ होती, तरी पहिल्या कागदावरची एक ओळही तिला धड लागेना.

तक्त्यावरची मोडी आणि कारकुनाच्या हातची मोडी यांत बरंच अंतर असतं. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जाई. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती आणि ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. त्यामुळे ‘वकुलकर्णी’ हे कुठलं आडनाव, म्हणून ती बराच वेळ अडून बसली. शेजारी बसून तिला शिकवणारे निवृत्त गुरुजी हसून म्हणाले, “अगं, मागचं अक्षर बघ. पाटील व कुलकर्णी.”

गुरुजींनी तिला बाराखडी बाजूला ठेवायला लावली. जुन्या कागदांत काही मजकूर ठरलेला असतो: सुरुवातीला ‘मौजे’ आणि गावाचं नाव, मध्ये ‘मौजे मजकूर’, शेवटी ‘जाणिजे’. तिथे काय लिहिलेलं असणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून त्या शब्दांतून त्या कारकुनाचा म, त्याचा ज, त्याची वेलांटी वेचून घेता येते. तिने वहीत त्या एका हाताचाच तक्ता केला. दुसऱ्या कारकुनाचा कागद आला की दुसरं पान. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते खरी मोडी इथेच येते.

मग वसुलीचा एक कागद निघाला. त्यात तीन आसामी, तीन रकमा आणि खाली बेरीज होती. तिने वाचलं १२, ७ आणि ११, पण बेरीज ३१ निघाली. तीस व्हायला हवेत, म्हणजे कारकून चुकला असं तिला वाटलं. गुरुजी म्हणाले, “वसुलीच्या कागदात कारकुनाआधी आपण चुकतो.” आकड्यांपुढच्या उभ्या रेघा तिने पूर्णविरामासारख्या समजून सोडून दिल्या होत्या. वास्तविक एक रेघ म्हणजे पाव आणि दोन म्हणजे अर्धा. रकमा होत्या १२॥, ७। आणि ११।, म्हणजे साडेबारा, सव्वासात, सव्वाअकरा. हरवलेला रुपया त्या रेघांत होता. गंमत अशी की त्याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या तर तो शब्द तोडून लिहिलेला असतो: ‘रु॥’ म्हणजे रुपये, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. एकाच ओळीत ‘रु॥ १२॥’ असं आलं की पहिल्या जोडीचा अर्थ वेगळा आणि दुसरीचा वेगळा.

त्या कागदाची तारीखही अशीच उलगडली. ‘छ ११ मोहरम’, आणि पुढे ‘सु॥ समान सबैन मया व अलफ’. ‘छ’ मुसलमानी महिन्याच्या तारखेआधी घालत, आणि ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. हा सन अरबी संख्याशब्दांत, लहान आकड्यापासून मोठ्याकडे लिहीत: आठ, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे ११७८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७७ येतो. पण सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होतं आणि त्या वर्षी मोहरम जानेवारीअखेर लागला होता. म्हणून कागद फेब्रुवारी १७७८ चा. महिना न बघता नुसते ५९९ मिळवणारे इथे एका वर्षाने चुकतात.

ठरलेला मजकूर सरावाने वाचता येतो, पण नावं येत नाहीत, कारण तिथे अंदाजाला आधार नसतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांकडे लोकांची रीघ लागली. तिच्याकडेही गावातले एक आजोबा कोतवाल बुकातली पणजोबांची मृत्यूनोंद घेऊन आले. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही. पणजोबांचं नाव स्वच्छ होतं. त्यांच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर मात्र शाईच्या डागाखाली गेलं होतं आणि पुढे ‘मजी’ एवढंच दिसत होतं.

“रामजीच असणार, लिहून टाक पोरी,” आजोबा म्हणाले.

“भीमजीही असेल, आजोबा. डागाखाली वेलांटी आहे की काना, तेच दिसत नाही.”

तिने वहीत ‘[?]मजी’ असं लिहिलं. मग आजोबांना सांगितलं, की पणजोबांच्या भावांच्या नोंदी त्याच वहीत मागेपुढे सापडतील, त्यांतही बापाचं नाव असेल. ते काढू, आणि जमिनीचे जुने फेरफारही बघू.